पिव्होट शून्य नसतानाही रो का बदलायच्या

इंजिनीअरिंगला न्यूमरिकल मेथड्स शिकवताना पिव्होटिंगबद्दल बहुतेक ठिकाणी एकच वाक्य सांगून पुढे जातात, की पिव्होटच्या, म्हणजे ज्या आकड्याने भागायचं त्याच्या, जागी शून्य आलं तर खालची एखादी रो वर आणा, कारण शून्याने भागता येत नाही. वाक्य खोटं नाहीये, पण अर्धवट आहे, आणि त्याने काय होतं ते मी घरातच बघितलं. भाचा इथे इंदूरलाच कॉम्प्युटर सायन्स करतोय, त्याने इक्वेशन सोडवायचा एलयूचा प्रोग्रॅम स्वतः लिहिला आणि रो बदलायची कटकट नको म्हणून एक जुगाड केला: पिव्होट शून्य निघाला की त्या जागी 1e-20 ठेवून द्यायचं. शून्य गेलं म्हणजे भागाकार होणार, आणि 1e-20 इतका बारीक आकडा, त्याने असा काय फरक पडणार! प्रोग्रॅम चालला, एरर नाही, वॉर्निंग नाही, फक्त x चं उत्तर १ यायला हवं होतं तिथे ० आलं. वर साहेब मला म्हणतात, "मामा, लॉजिक तर एकदम करेक्ट आहे."

लॉजिक खरंच करेक्ट होतं, कागदावर. चूक कुठे होते ते बघायचं तर आधी एलयू करतात म्हणजे नक्की काय करतात ते एकदा हाताने करून बघू, म्हणजे पुढचं सगळं सोपं जाईल.

समजा छप्पन दुकानवर तीन ग्रुप नाश्त्याला गेले, तिघांची बिलं आपल्याकडे आहेत पण रेट लिहिलेले नाहीत. पहिल्यांनी १ प्लेट पोहे, २ प्लेट जिलबी आणि १ कचोरी घेतली, बिल ९५ रुपये. दुसऱ्यांनी ४ पोहे, ४ जिलबी, ८ कचोऱ्या, बिल ३२०. तिसऱ्यांनी २ पोहे, ६ जिलबी, ३ कचोऱ्या, बिल २६५. रेट मी मनानेच धरलेत, त्यावरून भांडू नका. तर कुणी काय किती घेतलं त्याचं मॅट्रिक्स A असं होतं, पहिला कॉलम पोह्यांचा, दुसरा जिलबीचा, तिसरा कचोरीचा:

```
१  २  १
४  ४  ८
२  ६  ३
```

शाळेत शिकवलेली पद्धत म्हणजे एक रो धरायची, तिला काहीतरी पटीने गुणून खालच्या रोंमधून वजा करायची, म्हणजे पहिला कॉलम खाली शून्य होतो, मग दुसरा, आणि शेवटी एक त्रिकोण उरतो. हा वरचा त्रिकोण म्हणजे U. आणि वजा करताना ज्या पटी वापरल्या, ज्यांना मल्टिप्लायर म्हणतात, त्या फेकून न देता जिथे शून्य केलं त्याच जागी लिहून ठेवल्या की खालचा त्रिकोण तयार होतो, तो L, त्याच्या डायगोनलवर सगळे १. L आणि U चा गुणाकार केला की मूळ मॅट्रिक्स परत मिळतं. हे साठवून ठेवायचा फायदा असा की उद्या रेट बदलले, ऑर्डर त्याच राहिल्या आणि नवीन बिलं आली, तर सगळी वजाबाकी परत करायची गरज नाही, L आणि U तयारच असतात, नुसतं दोनदा ओळीने किमती भरत जायचं. मोठ्या मॅट्रिक्सला हा फरक प्रचंड पडतो, कारण फॅक्टर करायला n च्या घनाच्या हिशोबाने काम लागतं आणि नंतर प्रत्येक नव्या बिलाला फक्त वर्गाच्या हिशोबाने.

ज्या रोने वजाबाकी करतो तिचा कोपऱ्यातला आकडा, ज्याने भागून मल्टिप्लायर काढतो, तो पिव्होट. वरच्या मॅट्रिक्समध्ये पहिला पिव्होट १ आहे, शून्य नाही, भागायला तर एकदम मस्त. पण पार्शल पिव्होटिंग म्हणतं की त्या कॉलममध्ये डायगोनलपासून खाली बघ, चिन्ह सोडून सगळ्यात मोठा आकडा कुठे आहे, ती रो वर आण. इथे ४ मोठा, म्हणून दुसरी रो वर गेली आणि पहिली तिच्या जागी खाली आली. आता मल्टिप्लायर: नव्या दुसऱ्या रोसाठी १ भागिले ४ म्हणजे ०.२५, तिसरीसाठी २ भागिले ४ म्हणजे ०.५. वजाबाकी केली की हे उरतं (मल्टिप्लायर त्यांच्या जागी कंसात ठेवलेत):

```
  ४      ४   ८
(०.२५)   १  -१
(०.५)    ४  -१
```

आता दुसरा कॉलम. पिव्होटच्या जागी १ आहे, खाली ४ आहे, परत स्वॅप. आणि इथे एक गोष्ट लोक हमखास विसरतात, ती म्हणजे रो बदलताना तिचा कंसातला मल्टिप्लायर पण तिच्याबरोबर जायला हवा. ०.५ वर येणार, ०.२५ खाली जाणार. नुसते उजवीकडचे आकडे बदलले आणि कंस तिथेच ठेवले तर U बरोबर येतो, L चुकतो, आणि शोधत बसा मग रात्रभर. स्वॅपनंतर मल्टिप्लायर १ भागिले ४, म्हणजे ०.२५, आणि शेवटचा आकडा -१ मधून ०.२५ गुणिले -१ वजा केलं की -०.७५. झालं:

```
L:   १     ०     ०        U:  ४  ४    ८
    ०.५    १     ०            ०  ४   -१
    ०.२५  ०.२५   १            ०  ०  -०.७५
```

यांचा गुणाकार करून बघा, मूळ मॅट्रिक्सच येतं पण रोंचा क्रम दुसरी, तिसरी, पहिली असा. हा क्रम लक्षात ठेवणारं जे असतं ते P, आणि सगळं मिळून PA = LU. उत्तर काढायचं तर बिलंही त्याच क्रमाने लावायची: ३२०, २६५, ९५. मग L वापरून वरून खाली या: पहिला आकडा ३२० तसाच, दुसरा २६५ वजा १६० म्हणजे १०५, तिसरा ९५ वजा ८० वजा २६.२५ म्हणजे -११.२५. मग U वापरून खालून वर जा: कचोरी -११.२५ भागिले -०.७५, म्हणजे १५ रुपये. जिलबी: चार जिलब्या वजा १५ बरोबर १०५, म्हणजे ३०. पोहे: ३२० मधून जिलबीचे १२० आणि कचोरीचे १२० गेले, उरले ८०, चार प्लेट, २० रुपये.

इथे भाच्याने बरोबर विचारलं, की पिव्होट १ होता तर भागाकारसुद्धा करावा लागत नव्हता, मग मुद्दाम ४ घेऊन पाव-अर्धे का करत बसायचं? या बिलांच्या बाबतीत खरंच काही बिघडत नव्हतं. पिव्होटिंग न करताही पोहे २० रुपयेच आले असते, कारण आकडे सगळे लहान आणि एकमेकांच्या आसपासचे. गडबड होते ती पिव्होट बाकीच्या आकड्यांच्या मानाने फार बारीक असला की, आणि ती बघायला दोन इक्वेशन पुरतात:

```
०.०००१ x + y = १
       x + y = २
```

खरं उत्तर x = १.०००१ आणि y = ०.९९९९, दोन्ही जवळजवळ १. आता असं समजा की आपल्या कॅल्क्युलेटरला फक्त तीनच सिग्निफिकंट आकडे ठेवता येतात, म्हणजे ९९९६ लिहायला गेलं तर तो राउंड होऊन १०००० होतो, कारण चौथा आकडा ठेवायला जागाच नाही. खरा कॉम्प्युटर डबल प्रिसिजनमध्ये साधारण सोळा आकडे ठेवतो, पण प्रकार तोच, तीन घेतले की कागदावर दिसतं एवढंच.

स्वॅप न करता पुढे जा. मल्टिप्लायर १ भागिले ०.०००१, म्हणजे १००००. दुसऱ्या इक्वेशनमधून पहिलं दहा हजार पटीने वजा करायचं. y चा आकडा होतो १ - १००००, म्हणजे -९९९९, राउंड होऊन -१००००. उजवीकडे २ - १००००, म्हणजे -९९९८, तोही राउंड होऊन -१००००. म्हणून y = १. इथवर ठीक, खरं उत्तर ०.९९९९ होतं, तीन आकड्यांत १ म्हणजे छानच. आता वर जाऊन x काढा: (१ - १) भागिले ०.०००१. शून्य. संपलं. y मध्ये दहा हजारात एक इतकी चूक होती, ती ०.०००१ ने भागल्यावर दहा हजार पटीने फुगली आणि x पूर्ण खाऊन गेली.

आता रो बदलून तेच करा. पिव्होट १, मल्टिप्लायर ०.०००१. y चा आकडा १ - ०.०००१, राउंड होऊन १. उजवीकडे १ - ०.०००२, राउंड होऊन १. y = १, आणि x = २ - १ = १. राउंडिंग इथेही झालं, चूक इथेही आहे, पण तितकीच जितकी तीन आकड्यांत होणारच होती.

बरेच लोक इथे थांबतात आणि म्हणतात की बारीक आकड्याने भागलं म्हणून चूक फुगली, म्हणून बारीक पिव्होट वाईट. मला हे स्पष्टीकरण अपुरं वाटतं. फुगली हे खरं, पण मुळात हरवलं काय, ते यात दिसत नाही. ते बघायचं तर पिव्होटिंग न करता जे L आणि U मिळाले त्यांचा गुणाकार करून बघायचा. L मध्ये मल्टिप्लायर १००००, U मध्ये वर ०.०००१ आणि १, खाली -१००००. गुणाकार केला की खालच्या उजव्या कोपऱ्यात येतं १०००० गुणिले १ वजा १००००, म्हणजे शून्य:

```
मूळ A:   ०.०००१  १        L गुणिले U:   ०.०००१  १
           १     १                       १     ०
```

कोपऱ्यातला १ गेला कुठे? तो वजाबाकीतच गेला, ९९९९ चे १०००० झाले त्या क्षणी. आणि नुसता १ नाही, त्या जागी ४ असते तरी ४ - १०००० चे राउंड होऊन -१०००० च झाले असते, शून्य असतं तरी तेच, -४० असते तरी तेच. म्हणजे पहिल्या स्टेपनंतर कॉम्प्युटरकडे दुसऱ्या इक्वेशनमध्ये y चा कोएफिशिएंट काय होता याची काही नोंदच उरत नाही. धर्मकाट्यावर बटाट्याने भरलेला ट्रक तोलताना वर कोथिंबिरीची एक जुडी ठेवली आणि नंतर ट्रकचं वजन वजा करून जुडीचं वजन काढायला बसलो, तसलं हे काम. उजवीकडच्या २ चंही तेच झालं, ते दहा हजारात बुडाले. उरलं ते पहिलं इक्वेशन, आणि त्याचीच दहा हजार पट करून केलेली कॉपी. दुसऱ्या ग्राहकाचं बिल फाडून टाकायचं आणि पहिल्याच्याच बिलाची मोठी झेरॉक्स लावायची, मग दोन रेट कसे निघणार?

अशा नजरेने बघायची सवय लावली ती जेम्स विल्किन्सन या इंग्रज गणितज्ञाने, जो ट्युरिंगबरोबर सुरुवातीच्या कॉम्प्युटरवर काम करत होता, आणि १९६१ च्या त्याच्या पेपरमध्ये या वजाबाकीच्या पद्धतीत, म्हणजे एलिमिनेशनमध्ये, होणाऱ्या चुकांचा पूर्ण हिशोब आहे. त्याची पद्धत अशी की उत्तर किती चुकलं हे नंतर बघू, आधी हे विचारा की आलेलं उत्तर कुठल्या मॅट्रिक्सचं अचूक उत्तर आहे. ते मॅट्रिक्स मूळच्या अगदी जवळचं असेल, शेवटच्या एखाद्या आकड्याइतकाच फरक असेल, तर पद्धतीने तिचं काम चोख केलं. आपल्या केसमध्ये १ च्या जागी ० आला, म्हणजे आपण भलतंच गणित सोडवलं, अचूक सोडवलं, पण भलतं.

भाच्याचा जुगाड हाच खेळ सोळा आकड्यांत करत होता. त्याच्या मॅट्रिक्समध्ये कोपऱ्यात शून्य होतं, त्याने 1e-20 केलं, खरं उत्तर त्याने खरोखर हललं नसतं, तेवढं तो बरोबर म्हणत होता. पण मल्टिप्लायर 1e20 झाला, आणि १ मधून 1e20 वजा केल्यावर १ टिकायला वीस आकडे लागतात, डबलकडे आहेत सोळा.

```python
import numpy as np
A = np.array([[1e-20, 1.0], [1.0, 1.0]])
b = np.array([1.0, 2.0])

m = A[1,0] / A[0,0]
u22 = A[1,1] - m*A[0,1]
y = (b[1] - m*b[0]) / u22
x = (b[0] - A[0,1]*y) / A[0,0]
print(x, y)                   # 0.0 1.0
print(np.linalg.solve(A, b))  # [1. 1.]
```

खालची `np.linalg.solve` आतून LAPACK या लायब्ररीच्या रुटीनला बोलावते आणि ती पार्शल पिव्होटिंग करतेच, म्हणून तिला तेच मॅट्रिक्स दिलं तरी काही होत नाही. मॅट्रिक्स स्वतः एकदम शहाणं आहे हेही तपासता येतं, `np.linalg.cond(A)` कंडिशन नंबर देतं, म्हणजे दिलेल्या आकड्यांतला बारीक फरक उत्तरात किती पट फुगू शकतो ते, आणि तो इथे साधारण २.६ येतो, याहून सरळ मॅट्रिक्स मागून मिळणार नाही. दोष पूर्णपणे कुठल्या क्रमाने वजाबाकी केली त्याचा.

आता सगळ्यात मोठा आकडाच पिव्होट का, याचं उत्तर वरूनच निघतं. कॉलममधला सगळ्यात मोठा आकडा पिव्होट असला की बाकीच्यांना त्याने भागून जो मल्टिप्लायर येतो तो १ पेक्षा मोठा होऊच शकत नाही. म्हणजे कुठलीही रो फुगवून दुसरीतून वजा केली जात नाही, असेल तर छोटी करूनच, आणि ज्या रोमधून वजा करतोय तिचे मूळ आकडे शाबूत राहतात. L उघडून बघितला आणि चिन्ह सोडून १ च्या वरचा एकही आकडा दिसला तर समजायचं की पिव्होटिंग झालेलं नाही किंवा कोडमध्ये कुठेतरी मोठा आकडा शोधताना `abs` लावायचं राहून गेलं, हे दुसरं तर फारच कॉमन, -८ आणि ३ मध्ये ३ मोठा धरला जातो.

आणि हे सगळं जवळजवळ फुकट मिळतं. हजार बाय हजारच्या मॅट्रिक्सला फॅक्टर करायला गुणाकार आणि वजाबाक्या मिळून साधारण ६७ कोटी लागतात, त्यात मोठा आकडा शोधायला फक्त ५ लाखांच्या आसपास तुलना. कुणी म्हणेल मग नुसता एक कॉलम कशाला, उरलेलं सगळं मॅट्रिक्सच धुंडाळा आणि खरोखर सगळ्यात मोठा आकडा आणा, रो पण बदला आणि कॉलम पण. ते करतात, त्याला कम्प्लीट पिव्होटिंग म्हणतात, पण त्याच हजारच्या मॅट्रिक्सला तुलना होतात ३३ कोटी, आणि बहुतेक वेळा हाती जास्तीचं काहीच लागत नाही. "पार्शल" हे नाव ऐकून अर्धं काम केलंय असं वाटतं खरं, पण जगात रोज जे एलयू चालतं ते हेच.

मात्र पार्शल पिव्होटिंग लावलं म्हणजे निर्धास्त झोपा असंही नाही. पहिली भानगड स्केलिंगची. मघाचंच पहिलं इक्वेशन एक लाखाने गुणा, गणित तेच राहतं:

```
१० x + १००००० y = १०००००
   x +        y = २
```

आता पिव्होटच्या जागी १०, खाली १, नियम म्हणतो १० मोठा आहे, स्वॅपची गरज नाही. मल्टिप्लायर ०.१, दिसायला किती गुणी. पण ०.१ गुणिले १००००० म्हणजे परत १००००, १ मधून १०००० वजा, १ परत बुडाला, y = १, x = ०. कोणी मुद्दाम लाखाने गुणत नाही हे कबूल, पण एक इक्वेशन मीटरमध्ये आणि दुसरं मिलीमीटरमध्ये लिहिलं, किंवा एक ओहममध्ये आणि एक किलोओहममध्ये, की नकळत असंच होतं. इलाज म्हणजे प्रत्येक रोच्या उमेदवाराला त्याच रोमधल्या सगळ्यात मोठ्या आकड्याने भागून मग तुलना करायची. इथे १० भागिले १००००० म्हणजे ०.०००१, आणि १ भागिले १ म्हणजे १, दुसरी रो जिंकली, वर आली, उत्तर बरोबर. किंवा त्याहून बरं, गणित मांडतानाच युनिट जरा सारखी ठेवायची. लायब्ररी हे स्वतःहून करेल असं धरून चालू नका, साधी `solve` रो स्केल करत बसत नाही.

दुसरी भानगड जास्त इंटरेस्टिंग आहे पण व्यवहारात क्वचित भेटते. मल्टिप्लायर १ च्या आत असला तरी वजाबाकीत आकडा दुप्पट होऊ शकतो, १ मधून -१ गेलं की २. प्रत्येक स्टेपला दुप्पट होत गेलं तर? विल्किन्सनने नेमकं असं मॅट्रिक्स दाखवलं:

```
 १   ०   ०   १
-१   १   ०   १
-१  -१   १   १
-१  -१  -१   १
```

स्वॅप कुठेच होत नाही, सगळे मल्टिप्लायर -१, आणि शेवटचा कॉलम होतो १, २, ४, ८. चार बाय चारला ८ म्हणजे काहीच नाही, पण साठ बाय साठला तो शेवटचा आकडा २ चा ५९ वा घात होतो, म्हणजे सहा वर सतरा शून्यांच्या घरात, सोळा आकड्यांच्या डबलमध्ये सुरुवातीचे १ बुडायला एवढं पुरतं. या फुगण्याला ग्रोथ फॅक्टर म्हणतात. नियमाने बघितलं तर पार्शल पिव्होटिंगची खात्री इतकीच आहे की n बाय n ला तो २ च्या n-१ व्या घातापेक्षा जास्त होणार नाही, आणि ही काही खात्री म्हणायच्या लायकीची गोष्ट नाही. पण प्रत्यक्षात लोक इतकी वर्षं रोज मॅट्रिक्स सोडवतायत आणि हा आकडा जवळजवळ नेहमी छोटाच निघतो. १९९० च्या दशकात खऱ्या कामातून आलेली, डिफरेन्शियल आणि इंटिग्रल इक्वेशनची काही उदाहरणं सापडली जिथे तो खरोखर फुगतो, म्हणून शंका आली तर U मधला सगळ्यात मोठा आकडा A मधल्या सगळ्यात मोठ्या आकड्याच्या किती पट झालाय ते बघून घ्यावं, एका ओळीचं काम आहे.

तिसरी गोष्ट पिव्होटिंगच्या हातातलीच नाही, तरी दोष त्याच्यावर ढकलला जातो. ही दोन इक्वेशन घ्या: x + y = २ आणि x + १.०१y = २.०१. उत्तर १ आणि १. उजवीकडे २.०१ च्या जागी २.०२ करा, उत्तर होतं x = ०, y = २. बिलात एका पैशाचा फरक आणि रेट पार उलटेपालटे, कारण दोन्ही ग्राहकांनी जवळपास एकच ऑर्डर दिली होती. इथे कितीही रो बदला, माहितीच तोकडी आहे. अशा मॅट्रिक्सचा कंडिशन नंबर मोठा असतो, आणि तिथे पिव्होटिंग फक्त एवढंच करतं की आपल्या बाजूने आणखी घाण मिसळत नाही.

मग उत्तर चुकलंय अशी शंका आली तर दोष पद्धतीचा की मॅट्रिक्सचा, हे ओळखायचं कसं? आलेलं उत्तर मूळ इक्वेशनमध्ये परत टाकून बघायचं, किती कमी-जास्त पडतंय, त्याला रेसिड्युअल म्हणतात. पिव्होटिंगशिवाय आलेलं (०, १) घ्या: पहिल्या इक्वेशनमध्ये १ बरोबर १, छान, पण दुसऱ्यात ० + १ म्हणजे १ आणि पाहिजे होते २. सरळ निम्म्याचा फरक, म्हणजे पद्धतच फसली, कारण धड चाललेल्या एलयूचं उत्तर मूळ इक्वेशनमध्ये जवळजवळ बसतंच. आता (०, २) घ्या आणि मूळच्या २ आणि २.०१ मध्ये टाकून बघा: पहिलं तंतोतंत, दुसऱ्यात २.०२ येतं, फरक नुसता ०.०१ चा. उत्तर पूर्ण चुकीचं आणि रेसिड्युअल नखभर. असं दिसलं की अल्गोरिदमला शिव्या देणं थांबवून मोजमाप आणि मॉडेल तपासायला घ्यायचं. भाच्याच्या प्रोग्रॅममध्ये ही एक ओळ असती तर पहिल्याच रनला समजलं असतं, पण कॉलेजच्या असाइनमेंटमध्ये रेसिड्युअल कुणी मागत नाही, मार्क उत्तराला असतात.

काही मॅट्रिक्सला पिव्होटिंग लागतच नाही, हेही सांगून टाकतो. सिमेट्रिक पॉझिटिव्ह डेफिनिट असेल तर आकडे फुगतच नाहीत, तिथे सरळ चोलेस्की नावाची पद्धत वापरायची, कामही निम्म्यात होतं. किंवा प्रत्येक कॉलममध्ये डायगोनलचा आकडा, चिन्ह सोडून, बाकी सगळ्यांच्या बेरजेपेक्षा मोठा असेल तर सगळ्यात मोठा आकडा आधीच जागेवर बसलेला असतो, शोधलं तरी तोच सापडेल.

शेवटी जे लायब्ररी वापरणार त्यांच्यासाठी. एकच A आणि बिलं अनेक असतील तर फॅक्टर एकदा करून ठेवा:

```python
import numpy as np
from scipy.linalg import lu_factor, lu_solve
A = np.array([[1., 2, 1], [4, 4, 8], [2, 6, 3]])
lu, piv = lu_factor(A)
print(piv)                              # [1 2 2]
print(lu_solve((lu, piv), [95, 320, 265]))  # [20. 30. 15.]
```

इथे `lu` मध्ये L आणि U एकाच मॅट्रिक्समध्ये कोंबलेले असतात, L चे डायगोनलचे १ लिहिलेले नसतात. आणि `piv` मधलं [1 2 2] बघून भाचा म्हणाला की यात २ दोनदा कसा, हा रोंचा क्रम असू शकत नाही. नाहीच आहे तो. ती स्वॅपची यादी आहे, शून्यापासून मोजलेली: आधी ० नंबरची रो १ शी बदलली, मग १ नंबरची २ शी, मग २ नंबरची स्वतःशीच, म्हणजे काही नाही. हे ओळीने केलं की आपला दुसरी-तिसरी-पहिली हाच क्रम मिळतो. सरळ `A[piv]` लिहिलं तर तिसरी रो दोनदा येते आणि पहिली गायब, आणि पायथन त्याबद्दल हूं का चूं करत नाही. `scipy.linalg.lu` मध्ये अजून एक फरक आहे, ती A = PLU अशा अर्थाचा P देते, आणि MATLAB ची `[L,U,P] = lu(A)` देते PA = LU वाला, म्हणजे एकाचा P दुसऱ्याचा ट्रान्सपोज. एका ठिकाणचं कोड दुसरीकडे नेताना आधी `P @ L @ U - A` छापून बघा, शून्यं दिसली की मग पुढे जा.